सुकटीचा वास आणि सहा अँपिअरचा प्लग

काका, आम्ही तिघी मैत्रिणी कर्वेनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी आर्किटेक्चरला आहे, त्यामुळे माझा मोठा डेस्कटॉप आहे. हॉलमध्ये वापरण्यासारखं एकच सॉकेट आहे. त्यात एक एक्स्टेंशन बोर्ड लावलाय आणि त्यावर डेस्कटॉप, मॉनिटर, दोघींचे लॅपटॉप, वायफायचा राउटर, मोबाइलचे चार्जर असं सगळं चालतं. सकाळ-संध्याकाळ चहासाठी किटलीही तिथंच लावतो. तिचा प्लग जाडा आहे म्हणून कन्व्हर्टर लावलाय. कधी घाईत इस्त्रीसुद्धा. हल्ली हॉलमध्ये सुकट भाजल्यासारखा वास येतो. आम्ही तिघीही शाकाहारी! शिवाय किटली लावली की कधीकधी माझा कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतो. परवा चार तासांचं रेंडरिंग गेलं. अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला तर मुंग्या येतात. एमसीबी मात्र एकदाही पडलेला नाही. मैत्रीण म्हणते, चांगला महागातला स्पाइक गार्ड घे, सगळं थांबेल. घेऊ का?
— रेंडरिंग गेलेली, कर्वेनगर

स्पाइक गार्ड घे, पण तो सर्वांत शेवटी. तू लिहिलेल्या तीन तक्रारींपैकी एकही त्यानं जाणार नाही. हे वाचून झालं की आधी किटली आणि इस्त्री त्या बोर्डावरून काढ. मग सॉकेटचं बटण बंद कर, दहा मिनिटं जाऊ दे आणि बोर्डाचा प्लग भिंतीतून ओढून त्याच्या पिना बघ. माझा अंदाज असा की एक पिन तपकिरी-काळी पडली असेल आणि तिच्या बुडाशी प्लास्टिक जरा सुजल्यासारखं किंवा पिवळं दिसेल. भिंतीतल्या सॉकेटच्या त्याच भोकाभोवतीही डाग असेल. तसं असेल तर तो प्लग परत आत घालू नकोस. दोन दिवस कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत लाव.

वासावरून एवढं छातीठोक सांगतोय, कारण हा वास मी तीस वर्षं घेतला आहे. स्विच, सॉकेट, प्लग यांच्यासाठी जे कडक प्लास्टिक वापरतात त्यातला एक जुना प्रकार, युरियापासून बनणारा, तापला की अगदी मासळीसारखा वास सोडतो. वायरवरचं मऊ पीव्हीसी जळलं तर वास वेगळा येतो, झणझणीत आणि घशाला लागणारा. म्हणजे तुमच्याकडे अजून वायर पेटलेली नाही. प्लग किंवा सॉकेट आतून भाजतंय. मासे न खाणाऱ्या घरातून सुकटीच्या वासाची तक्रार आली की मी पिशवीत नवं सॉकेट टाकूनच निघायचो. शेजारणीवर संशय घेऊन झालेला असतो, उंदीर मेलाय म्हणून कपाटं हलवून झालेली असतात, आणि वास येत असतो टीव्हीच्या मागून.

आता हिशोब मांडू. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. उपकरणाचे वॉट भागिले २३० केले की किती अँपिअर करंट जातो ते कळतं. तुझ्या डेस्कटॉपच्या एसएमपीएसवर, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डबीवर, ४५० किंवा ५५० वॉट लिहिलेलं असेल. तो आकडा त्याच्या ताकदीचा आहे, रोजच्या खर्चाचा नाही. इंटरनेट बघताना तोच डेस्कटॉप शंभराच्या आत असतो; ग्राफिक्स कार्डावर रेंडरिंग चालू असताना २८० धरू. मॉनिटर २५. दोन लॅपटॉपचे चार्जर प्रत्येकी ६५, राउटर १०, मोबाइलचे तीन चार्जर मिळून ६०. बेरीज ५०५ वॉट. भागिले २३०, म्हणजे २.२ अँपिअर.

इथं एक मेख आहे. स्वस्तातला एसएमपीएस करंट सलग ओढत नाही, प्रत्येक लहरीच्या टोकाला हिसका मारल्यासारखा ओढतो. त्यामुळे वायरमधून जाणारा करंट वॉटच्या हिशोबापेक्षा दीडपटही निघू शकतो. एसएमपीएसवर 80 PLUS असं लिहिलेलं असेल तर त्यात ही खोड दुरुस्त केलेली असते. तुझा कोणता ते मला माहीत नाही, म्हणून वाईटात वाईट धरू: सव्वातीन अँपिअर. तरीही बघ, तुझा तो मोठा डेस्कटॉप, मॉनिटर, तुम्हा तिघींचं सगळं इलेक्ट्रॉनिक सामान एकत्र करूनही बोर्डाला काही होत नाही.

आता किटली. तिच्या बुडावर 1500W असेल. भागिले २३०, साडेसहा अँपिअर. ती एकटीच सगळ्या सामानाच्या दुप्पट. दोन्ही एकत्र चालू असताना नऊच्या पुढे, आणि त्यात हजार वॉटची इस्त्री आली की तेरा-चौदा.

बोर्ड किती झेपवतो? तो उलटा करून पाठ वाच. 6A 240V असं काही तरी छापलेलं किंवा उठावात असेल. काही बोर्डांवर 10A असतं आणि लोक त्यावर खूष होतात, पण तो आकडा मान्य करण्याआधी त्याचा प्लग बघायचा. आपल्याकडे घरगुती प्लग दोनच मापांचे: सहा अँपिअरचा छोटा, ज्याच्या दोन पिना सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या असतात, आणि सोळा अँपिअरचा मोठा, ज्याच्या पिना सुमारे ७ मिलिमीटरच्या. बोर्डाला छोटा प्लग असेल आणि तो भिंतीतल्या छोट्या सॉकेटमध्ये जात असेल, तर पाठीवर काहीही लिहिलेलं असो, माझ्या लेखी तो बोर्ड सहा अँपिअरचाच. सहा गुणिले २३० म्हणजे १३८० वॉट. बोर्डावर भोकं चार आहेत की आठ, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते १३८० सगळ्या भोकांत मिळून आहेत.

म्हणजे तुझी किटली त्या बोर्डावर एकटी लावली तरी जास्तच होते. आणि हे तुला किटली बनवणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं. त्यानं तिला जाडा प्लग दिला तो शोभेसाठी नाही; सहाच्या सॉकेटमध्ये ती जाऊच नये म्हणून दिला. कन्व्हर्टर लावून तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत. मोठ्याचं छोटं करणारा तो कन्व्हर्टर मला बाजारातली सर्वांत नालायक वस्तू वाटते. तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळतो, म्हणून घराघरांत आहे.

तुझा पुढचा प्रश्न असेल, मग एमसीबी का नाही पडला? कारण तो बोर्डासाठी बसवलेलाच नाही. मीटरशेजारची किंवा दारामागची एमसीबीची पेटी उघडून बघ. प्रत्येक एमसीबीवर C10, C16 असं काही तरी लिहिलेलं असतं. C16 म्हणजे तो सोळा अँपिअरपर्यंत निवांत बसणार. त्याचं काम भिंतीतली वायर वाचवणं, आणि भिंतीत ती त्या मानानं जाड टाकलेली असते. तुमच्या तेरा अँपिअरची त्यानं दखलसुद्धा घेतली नसेल. हॉलला C10 असेल तरी किटलीच्या नऊ अँपिअरला तो पडणार नाही. एमसीबीचा नियमच असा आहे की आकड्याच्या ११३ टक्क्यांपर्यंत तासभर तरी पडायचं नाही आणि १४५ टक्के झाले की तासाभरात पडायचंच. म्हणजे दहाचा एमसीबी साडेचौदा अँपिअरवरही काही मिनिटं थांबू शकतो. शॉर्ट सर्किट झालं तर तो क्षणात तोडतो, पण हळूहळू भाजणाऱ्या प्लगच्या बाबतीत तो आंधळा आहे. बोर्ड सहाचा, एमसीबी सोळाचा. मधल्या दहा अँपिअरवर पहारा कुणाचाच नाही.

आता उष्णता नेमकी कुठं तयार होते ते बघू, म्हणजे तुझा रीस्टार्टही उलगडेल.

बोर्डाची वायर पाऊण स्क्वेअरची, म्हणजे पाऊण चौरस मिलिमीटर जाडीची, आणि तीन मीटर लांब आहे असं धर. करंटला जायचं आणि यायचं मिळून सहा मीटर तांबं. त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.१५ ओहम. नऊ अँपिअरला त्यात बारा वॉटच्या आसपास उष्णता होते, पण ती तीन मीटरभर पसरते. वायर कोमट लागते, बस. (ती गुंडाळून रबरबँड लावून ठेवली असेल, किंवा गादीखालून नेली असेल, तर मात्र उष्णतेला बाहेर जायला वाट नसते. तेवढं बघ.) आता सॉकेटच्या आतली पितळी पट्टी, जी पिनेला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरते, ती सैल झाली आहे असं समज. नीट पकड असताना तिथला रेझिस्टन्स नगण्य असतो. सैल पडून, काजळी धरून तो ०.१ ओहम झाला, तर नुसत्या कॉम्प्युटरच्या तीन अँपिअरला तिथं एक वॉटसुद्धा उष्णता होत नाही. किटली लावून करंट तिप्पट झाला की उष्णता तिप्पट होत नाही, नऊपट होते. कारण ती करंटच्या वर्गानं वाढते. आठ वॉट. आकडा छोटा वाटतो, पण तो एका पिनेच्या टोकावर, बंद प्लास्टिकच्या डबीत असतो. लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्यावरच चालतो.

आणि एकदा तापलं की ते वाढतच जातं. पितळी पट्टीचा ताठपणा तापल्यानं जातो, ती आणखी सैल होते, पिनेवर काळा थर चढतो, रेझिस्टन्स आणखी वाढतो. म्हणून हा वास महिना-दोन महिने अधूनमधून येतो आणि एक दिवस धूर निघतो.

रीस्टार्टचं कारण लोक सहसा चुकीचं सांगतात. किटलीनं व्होल्टेज ओढून घेतलं, म्हणून कॉम्प्युटर बंद पडला, असं. वायरमध्ये नऊ अँपिअरला पडतं किती? दीड व्होल्टसुद्धा नाही. सॉकेटमध्ये आणखी एक. २३० चे २२७ झाले म्हणून कुठलाही धड एसएमपीएस बंद पडत नाही. तो बंद पडतो पुरवठा पूर्ण तुटला तर. लाइट गेल्यावर एसएमपीएस आपल्या पोटातल्या साठ्यावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या विजेची एक लहर २० मिलिसेकंदांची असते. म्हणजे एका लहरीएवढाही खंड पडला तरी कॉम्प्युटर गेला. पंखा आणि लॅपटॉप यांना त्याचा पत्ताही लागत नाही. लॅपटॉपला बॅटरी असते. मग खंड कुठं पडतो? सैल पट्टी आणि काळी पिन यांच्यामध्ये, किटलीच्या करंटनं ठिणगी उडते तेव्हा. कान देऊन ऐक, किटली चालू असताना प्लगमधून बारीक चरचर ऐकू आली असेल. म्हणजे तुझं रेंडरिंग आणि तो वास या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे.

अर्थात तशीच चरचर किटलीच्या जागी, म्हणजे कन्व्हर्टरमध्येही होऊ शकते, पण तिथली ठिणगी फक्त किटली तोडेल, कॉम्प्युटर नाही. कॉम्प्युटर जातो याचा अर्थ तुटणारी जागा दोघांच्या सामाईक वाटेवर आहे: भिंतीतलं सॉकेट, बोर्डाचा प्लग, किंवा बोर्डाच्या आत वायर जिथं जोडली आहे ती जागा.

त्यामुळे बदलायचं असेल तर दोन्ही बदलायचं. नवा बोर्ड आणून जुन्या, भाजलेल्या सॉकेटमध्ये खुपसलास तर सैल पट्टी नव्या पिनेलाही तशीच भाजेल आणि तीन महिन्यांनी तू दुकानदाराला शिव्या देशील. पिन काळी झाली म्हणून सँडपेपरनं घासू नकोस. वरचा मुलामा जातो आणि ती आणखी लवकर काळी पडते. सॉकेट बदलणं वायरमनचं काम आहे, अर्ध्या तासाचं. आला की त्याला दोन गोष्टी सांग. सॉकेटच्या मागची वायर भाजलेली असेल तर तेवढा तुकडा कापून ताज्या तांब्यावर जोडणी कर, आणि सॉकेटला अर्थिंगची वायर खरंच जोडलेली आहे का ते दाखव. सॉकेट शक्यतो पिनेच्या मापाचं घे. हल्ली जी सगळ्या देशांचे प्लग खाणारी, चौकोनी-गोल भोकांची सॉकेट मिळतात, त्यांना कुणाचीच पिन धड पकडता येत नाही.

घरमालकाशी बोलताना "सॉकेट खराब आहे" असं म्हणू नकोस, काळी पिन फोटो काढून पाठव. फोटो पाहून मालक खर्चाला लवकर तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

किटली आणि इस्त्रीचं काय? स्वयंपाकघरात फ्रिजसाठी मोठं सोळा अँपिअरचं सॉकेट बहुधा असतं. किटली तिथं, तिच्या स्वतःच्या जाड्या प्लगनं, कन्व्हर्टर न लावता. इस्त्री हजार वॉटची असेल तर ती सहाच्या सॉकेटमध्ये चालते, पण थेट भिंतीत आणि एकटी. वाफेची इस्त्री दीड-दोन हजार वॉटची असते. तीही मोठ्या सॉकेटवर.

आता मुंग्या. हे मात्र वेगळं प्रकरण आहे आणि लोडशी त्याचा संबंध नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून कॅबिनेटच्या पत्र्याकडे, दुसरा न्यूट्रलकडून. बाहेरची खरखर ते अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंग तुटलेलं असेल तर पत्रा त्या दोघांच्या मध्ये लटकतो आणि त्यावर साधारण अर्धं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास दिसतं. टेस्टर लावला तर मंद लागतो. करंट अगदी थोडा, एक मिलिअँपिअरच्या आत, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पावसाळ्यात फरशी ओलसर असली की जास्त. त्या मुंग्यांनी काही होत नाही. पण त्या सांगत असतात की उद्या आत खरोखर फेज पत्र्याला चिकटली तर तिला जमिनीत जायला तुझ्याशिवाय वाट नाही. (दोन पिनांच्या लॅपटॉपच्या चार्जरनं धातूच्या लॅपटॉपवर अशाच मुंग्या येतात. त्याला अर्थिंगची पिनच नसते, त्यामुळे ते वेगळं.)

अर्थिंग कुठं तुटलंय ते शोधायला वायरमनला पाच मिनिटं लागतील. आधी बोर्डाचा प्लग बघा. तीन भोकांचा बोर्ड आणि आत दोनच तारा, असले नग सर्रास विकले जातात. कधी प्लगलाच दोन पिना असतात, कधी तिसरी पिन असते पण तिला काही जोडलेलं नसतं. मल्टिमीटरनं प्लगची जाडी, अर्थिंगची पिन आणि बोर्डाचं वरचं भोक यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे तार सलग असल्याची खूण, लागली पाहिजे. मग भिंतीचं सॉकेट: फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मीटर फसवू शकतो, कारण एखाद्या केसाएवढ्या तारेवरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून जुने वायरमन फेज आणि अर्थमध्ये शंभराचा बल्ब लावून बघतात. तुमच्या पेटीत आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच, असेल तर बल्ब लावताच तो पडेल, आणि पडला तर ती चांगली बातमी समजायची. हे त्यालाच करू दे, तू फक्त समोर उभी राहा.

आणि आता स्पाइक गार्ड. अर्थिंग आधी का, ते इथं कळेल. स्पाइक गार्डच्या आत मुख्य वस्तू म्हणजे एमओव्ही नावाच्या गोळीएवढ्या चकत्या. एरवी त्या बंद दारासारख्या असतात. व्होल्टेज क्षणभर शेकड्यांनी वर उसळलं की दार उघडतं आणि उसळी कॉम्प्युटरकडे न जाता चकतीतून वळते. चांगल्या गार्डमध्ये अशा तीन चकत्या असतात: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. तुमच्या आजच्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर त्यातल्या दोन चकत्यांचं दार उघडून समोर भिंतच आहे.

दुकानात पाकिटावर नुसतं "स्पाइक गार्ड" लिहिलेलं असणं पुरेसं नाही. पुष्कळ नग हे साधे एक्स्टेंशन बोर्डच असतात, वर एक लाल दिवा. तो दिवा फक्त लाइट आहे एवढंच सांगतो. खऱ्या गार्डवर किती जूल झेलतो ते छापलेलं असतं, आणि शक्यतो एक वेगळा हिरवा दिवा असतो, संरक्षण शाबूत आहे हे सांगणारा. चकत्या प्रत्येक उसळीनिशी थोड्या झिजतात. त्या संपल्या की हिरवा विझतो, पण भोकांतून वीज येतच राहते. म्हणून बोर्ड टेबलामागे न टाकता तो दिवा दिसेल असा ठेव. शिवाय आयएसआयचा शिक्का, तीन तारांची एक किंवा दीड स्क्वेअरची वायर, आणि बाजूला ओव्हरलोडचं छोटं बटण बघून घे. ते बटण म्हणजे बोर्डाचा स्वतःचा पहारेकरी. लोड जास्त झाला की जरा वेळानं उसळून बाहेर येतं. तुमच्या एमसीबीला जे जमत नाही ते तेवढ्यापुरतं करतं. सैल सॉकेट मात्र त्यालाही कळत नाही. लांबी दीड-दोन मीटर पुरे. या बोर्डाला दुसरा बोर्ड जोडायचा नाही.

स्पाइक गार्ड कशापासून वाचवतो? लाइट जाऊन येताना, लिफ्टची मोटर किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना, लांब कुठं तरी वीज पडताना लाइनवर येणाऱ्या क्षणिक उसळ्यांपासून. बिल्डिंगवर किंवा जवळच्या खांबावरच वीज पडली तर त्याचा काही उपयोग नाही. मे महिन्यात सिंहगडाच्या बाजूनं काळं भरून आलं आणि गडगडायला लागलं की बोर्डाचं बटण बंद करून समाधान मानू नकोस. बटण साधारणपणे एकच तार तोडतं, तीही काही मिलिमीटरनं. प्लगच भिंतीतून ओढ. राउटरला फायबरची तार येत असेल तर तिच्यातून धोका नाही, काच आहे ती. तांब्याची केबल असेल तर तीही काढ.

दुसरी मर्यादा लोकांना माहीत नसते. इमारतीचा न्यूट्रल तुटला तर घरात सेकंदभर नाही, सलग तीनशे-साडेतीनशे व्होल्ट येऊ शकतात. एमओव्ही क्षणाच्या उसळीसाठी असतो. सलग व्होल्टेजपुढं तो स्वतःच तापून जळतो. म्हणून दिवे अचानक डोळ्यांत खुपण्याइतके प्रखर झाले आणि पंखा सुसाट सुटला, तर कॉम्प्युटर वाचवायला धावू नकोस. थेट पेटीतला मेन पाड.

सगळं बसवून झालं की एक चाचणी कर. नव्या सॉकेटमध्ये नवा बोर्ड, त्यावर फक्त कॉम्प्युटर, मॉनिटर, लॅपटॉप, राउटर, चार्जर. रेंडरिंग लाव, अर्धा तास जाऊ दे. मग सेव्ह करून सगळं बंद कर, प्लग लगेच ओढ आणि पिनांच्या बुडाशी प्लास्टिकला बोटाची पाठ लाव. खोलीइतकंच किंवा जेमतेम कोमट लागलं तर झालं. बोट ठेववत नसेल तर कुठली तरी जोडणी अजून सैल आहे. वायरमनला परत बोलव आणि या खेपेला भिंतीतल्या सॉकेटमागचे स्क्रू आवळायला लाव.

जुना बोर्ड आणि तो कन्व्हर्टर कचऱ्यात तसाच टाकू नकोस. बोर्ड वरून चांगला दिसतो, कुणी तरी उचलून घरी नेतो आणि त्यावर शेगडी लावतो. प्लग काढलेला असताना पक्कडीनं वायर बुडाशी तोड, कन्व्हर्टरच्या पिना वाकव, आणि मग टाक.